भाडं पन्नास हजारांच्या वर गेलं की टीडीएस कापायचा भाडेकरूने

बाणेरला किंवा पवईला टू-बीएचके भाड्याने घेतला की महिन्याचं भाडं सहज पन्नास हजारांच्या पुढे जातं. पगारातून आपला टीडीएस कंपनी कापते, मुदतठेवीच्या व्याजावर बँक कापते. त्यामुळे दुसऱ्याचा कर आपण कापायचा आणि आपणच सरकारजमा करायचा, ही कल्पना नोकरदार माणसाच्या डोक्यातच येत नाही. पण आयकर कायद्यातलं कलम १९४-आयबी नेमकं तेच सांगतं. हे कलम १ जून २०१७ पासून लागू झालं. सुरुवातीला दर ५ टक्के होता, १ ऑक्टोबर २०२४ पासून तो २ टक्के झाला.

या लेखात मी आर्थिक वर्ष २०२५-२६ चं उदाहरण धरलं आहे. १ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा २०२५ लागू झाला आणि टीडीएसच्या तरतुदी कलम ३९३ मध्ये गेल्या. भाड्यासाठी पन्नास हजारांची मर्यादा आणि २ टक्के दर तिथेही तोच आहे. कलमांचे आणि फॉर्मचे क्रमांक मात्र बदलले आहेत. खाली दिलेली फॉर्मची नावं ३१ मार्च २०२६ पर्यंतच्या कपातीची आहेत, हे लक्षात ठेवून वाचा.

हे कलम कुणाला लागतं

भाडेकरू व्यक्ती असेल किंवा हिंदू अविभक्त कुटुंब असेल, आणि त्याच्या धंद्याला किंवा व्यवसायाला टॅक्स ऑडिट लागू होत नसेल, तर हे कलम त्याच्यासाठी आहे. नोकरदार माणूस यात सरळ बसतो. आदल्या वर्षी धंद्याची उलाढाल एक कोटीच्या वर किंवा डॉक्टर-वकिलासारख्या व्यवसायाची जमा पन्नास लाखांच्या वर गेली असेल, तर त्याला वेगळं कलम, १९४-आय, लागतं. त्यात दर १० टक्के आहे आणि टॅन, म्हणजे कर कापणाऱ्याचा वेगळा नंबर, घ्यावा लागतो. कंपनीच्या नावाने करार असेल आणि भाडं कंपनी देत असेल, तर कापायची जबाबदारी कंपनीची.

इथे हमखास दोन सबबी ऐकू येतात. पहिली, ‘मी नव्या करप्रणालीत आहे, घरभाडे भत्त्याची सूट घेतच नाही.’ त्याने काही फरक पडत नाही, कारण कापायचा कर तुमचा नाही, घरमालकाचा आहे. दुसरी, ‘घर माझ्या वडिलांच्याच नावावर आहे.’ वडिलांना महिन्याला पन्नास हजारांच्या वर भाडं देऊन त्यावर भत्त्याची सूट घेत असाल, तर त्यांचाही टीडीएस कापावा लागतो. सूट घेताना तुम्ही घरमालकाचा पॅन कंपनीला दिलेला असतो. त्या पॅनसमोर टीडीएस दिसत नाही, हे खात्याला कॉम्प्युटरवर सहज कळतं.

पन्नास हजार मोजायचे कसे

कायद्याचे शब्द आहेत ‘पन्नास हजारांपेक्षा जास्त’. म्हणजे भाडं बरोबर ५०,००० असेल तर कापायचं काही नाही.

आपल्याकडे लिव्ह अँड लायसन्सच्या करारात ‘भाडे’ हा शब्द बहुधा नसतोच, ‘परवाना शुल्क’ किंवा ‘लायसन्स फी’ लिहिलेली असते. ‘हे भाडं नाहीच, शुल्क आहे’ असं एका घरमालकाने मला अगदी गंभीरपणे सांगितलं होतं. पण जागा वापरण्यासाठी कोणत्याही करारान्वये दिलेली रक्कम, मग तिला नाव काहीही द्या, या कलमात भाडंच ठरते.

खरा घोळ मेंटेनन्सचा होतो. करारात ‘महिना ५२,०००, सोसायटीच्या मेंटेनन्ससह’ असं लिहून सगळी रक्कम घरमालकाला देत असाल, तर सगळीच भाड्यात धरा. भाडं ४७,००० लिहिलं असेल आणि ५,००० तुम्ही थेट सोसायटीच्या खात्यात भरत असाल, तर घरमालकाला दिलेलं भाडं ४७,०००च राहतं. परत मिळणारं डिपॉझिट भाड्यात येत नाही. मुंबईत ‘हेवी डिपॉझिट’ देऊन भाडं शून्य ठेवतात, तिथेही कापायला काही उरत नाही. डिपॉझिटमधून भाडं वळतं केलं, तर मात्र ती रक्कम त्या क्षणी भाडं होते. हा प्रसंग पुढे येणारच आहे.

अकरा महिन्यांचा करार संपला की पाच टक्के वाढ ठरलेलीच. समजा एप्रिल ते सप्टेंबर भाडं ४८,००० होतं आणि ऑक्टोबरपासून ५०,४०० झालं. मर्यादा महिन्याच्या भाड्यावर आहे, म्हणून ऑक्टोबर ते मार्च हे सहाच महिने हिशोबात येतात : ३,०२,४०० रुपयांचे २ टक्के, म्हणजे ६,०४८ रुपये. पहिल्या सहा महिन्यांचं भाडं यात मिसळायचं नाही. वाढ झालेल्या वर्षी हे नजरेतून सुटतं, कारण ‘आपलं भाडं तर अठ्ठेचाळीस हजार’ हेच डोक्यात बसलेलं असतं.

घर नवरा-बायको दोघांच्या नावावर असेल, करारात दोघांचा वाटा स्पष्ट लिहिलेला असेल आणि तुम्ही ७०,००० पैकी पस्तीस-पस्तीस हजार दोघांच्या वेगळ्या खात्यांत भरत असाल, तर मर्यादा प्रत्येकाला वेगळी लावतात आणि टीडीएस लागत नाही. सगळं भाडं एकाच खात्यात जात असेल आणि करारात वाट्याचा उल्लेख नसेल, तर ही सवलत गृहीत धरू नका. तिथे कापून टाकणंच शहाणपणाचं.

कधी आणि किती

हा टीडीएस दर महिन्याला कापायचा नाही. वर्षातून एकदाच कापायचा : आर्थिक वर्षाच्या शेवटच्या महिन्याचं, म्हणजे मार्चचं, भाडं देताना. त्याआधीच घर सोडलं तर शेवटच्या महिन्याचं भाडं देताना. आणि त्या एकाच वेळी त्या आर्थिक वर्षातल्या सगळ्या महिन्यांचा कर कापायचा.

उदाहरण घेऊ. तुम्ही १ जुलै २०२५ पासून बाणेरला ५८,००० रुपये भाड्याने राहता आणि दर महिन्याच्या ५ तारखेला भाडं भरता. ३१ मार्च २०२६ पर्यंत नऊ महिने झाले, एकूण भाडं ५,२२,०००. त्याचे २ टक्के म्हणजे १०,४४०. जुलै ते फेब्रुवारी पूर्ण ५८,००० द्यायचे. ५ मार्चला मात्र घरमालकाच्या खात्यात ४७,५६० जातील आणि १०,४४० तुमच्याकडे राहतील. हे पैसे तुमचे नाहीत, सरकारचे आहेत. मार्चमध्ये कापलेला कर भरायची मुदत महिना संपल्यापासून ३० दिवस, म्हणजे ३० एप्रिल २०२६.

मार्चचं भाडं काही कारणाने २८ फेब्रुवारीलाच दिलंत, तर कपात फेब्रुवारीत होते आणि मुदतही अलीकडे येऊन ३० मार्च होते. उलट मार्चचं भाडं एप्रिलवर ढकलू नका. कपात एका वर्षात आणि भाडं दुसऱ्या वर्षात, असा गुंता घरमालकाला रिटर्न भरताना त्रास देतो.

करार ३० जूनपर्यंत असला तरी ३१ मार्चला एक हिशोब पूर्ण होतो. एप्रिलपासूनच्या महिन्यांचा टीडीएस घर सोडताना किंवा पुढच्या मार्चला. वर्षभरात दोन घरं झाली, तर दोन घरमालकांचे दोन वेगळे हिशोब आणि दोन वेगळे फॉर्म.

घरमालकाशी आधीच बोलून ठेवा

मार्चमध्ये अचानक दहा हजार कमी आले की घरमालकाचा फोन येणारच. म्हणून फेब्रुवारीत एक मेसेज टाकून ठेवा. मी लोकांना साधारण असा लिहून देतो :

‘काका, नमस्कार. भाडं महिना ५०,००० च्या वर असल्याने आयकर कायद्याप्रमाणे मला २ टक्के टीडीएस कापावा लागतो. जुलै ते मार्चच्या ५,२२,००० भाड्यावर तो १०,४४० होतो. मार्चच्या भाड्यातून तेवढे वजा करून ४७,५६० पाठवेन. कापलेले पैसे तुमच्या पॅनवर जमा होतील आणि रिटर्न भरताना तुम्हाला तुमच्या करातून वजा करून मिळतील. त्यासाठी तुमचा पॅन नंबर आणि तो आधारशी जोडलेला असल्याची खात्री हवी आहे.’

शेवटचं वाक्य औपचारिकता म्हणून नाही. घरमालकाने पॅन दिला नाही, किंवा आधारशी न जोडल्यामुळे तो निष्क्रिय झालेला असला, तर दर २ ऐवजी २० टक्के होतो. आपल्या उदाहरणात ५,२२,००० चे २० टक्के म्हणजे १,०४,४००. कायद्याने याला एक कुंपण घातलं आहे : ही कपात शेवटच्या महिन्याच्या भाड्यापेक्षा जास्त असू शकत नाही. म्हणजे ५८,००० वर थांबते. घरमालकासाठी तरी मार्चचं अख्खं भाडं गेलं. तुम्ही २ टक्केच कापून मोकळे झालात, तर फरकाची मागणी नंतर तुमच्याकडेच येते. पॅन-आधार जोडणी आयकर पोर्टलवर लॉगिन न करताही तपासता येते, पण त्याला पॅन आणि आधार दोन्ही नंबर लागतात. म्हणून घरमालकालाच तपासायला सांगा आणि स्क्रीनशॉट मागा. आधार नंबर मागत बसण्यापेक्षा हे दोघांनाही बरं वाटतं.

26QC भरताना

यासाठी टॅन लागत नाही, तुमचा पॅन पुरतो. चलन आणि विवरण एकाच फॉर्ममध्ये आहे, त्याचं नाव 26QC. incometax.gov.in वर स्वतःच्या पॅनने लॉगिन करा, e-File मेन्यूत e-Pay Tax उघडा आणि New Payment वर जा. तिथे वेगवेगळ्या चौकटी दिसतात, त्यातली 26QC लिहिलेली चौकट निवडा. शेजारीच 26QB असतं. ते घर विकत घेणाऱ्यांसाठी आहे. घाईत ते भरलं की पैसे सरकारकडे जातात, पण भाड्याचा टीडीएस म्हणून मोजले जात नाहीत.

पहिल्या पानावर भाडेकरू म्हणून तुमची माहिती येते, तिचा बराचसा भाग आपोआप भरलेला असतो. पुढच्या पानावर घरमालकाचा पॅन, पत्ता, फोन आणि ईमेल. पॅन टाकल्यावर नावाची काही अक्षरं दिसतात, ती घरमालकाच्या नावाशी जुळवून पाहा. पॅनमधलं एक अक्षर चुकलं तर पैसे भलत्याच माणसाच्या खात्यावर दिसतात आणि तुमचे काका मे महिन्यात ‘माझ्याकडे काहीच आलं नाही’ म्हणत बसतात.

तिसरं पान जागेचं आणि पैशांचं. इथे भाड्याचे महिने, एकूण दिलेलं भाडं आणि शेवटच्या महिन्याचं भाडं अशा वेगवेगळ्या रकान्यांत माहिती द्यावी लागते. आपल्या उदाहरणात ९ महिने, एकूण ५,२२,००० आणि शेवटचा महिना ५८,०००. सर्वांत जास्त चुका इथेच होतात. लोक एकूण भाड्याच्या जागी एका महिन्याचं भाडं टाकतात, मग कर १,१६० दिसतो आणि ‘अरे, एवढाच?’ म्हणून खुशीत भरून मोकळे होतात. शेवटच्या महिन्याच्या रकान्यात ५८,००० च लिहायचे, कापून दिलेले ४७,५६० नव्हे. भाडं दिल्याची तारीख आणि कर कापल्याची तारीख दोन्ही ५ मार्च २०२६.

मग नेट बँकिंग, डेबिट कार्ड किंवा पोर्टल दाखवेल त्या मार्गाने पैसे भरा. भरल्यावर मिळणारी पावती लगेच उतरवून ठेवा. तिच्यावरचा पोचपावती क्रमांक पुढच्या पायरीला लागतो, आणि नेमका तोच नंतर सापडत नाही.

फॉर्म 16C

पैसे भरले म्हणजे काम संपलं, असं वाटून बहुतेक लोक इथे थांबतात. पण घरमालकाला टीडीएसचं प्रमाणपत्र, फॉर्म 16C, देणं हीसुद्धा तुमचीच जबाबदारी आहे. 26QC च्या मुदतीपासून १५ दिवसांत, म्हणजे आपल्या उदाहरणात १५ मे २०२६ पर्यंत. ते घरी टाइप करायचं नसतं. आयकर खात्याच्या ट्रेसेस या टीडीएस पोर्टलच्या tdscpc.gov.in या साइटवर करदाता म्हणून नोंदणी करून तिथूनच उतरवायचं असतं. 26QC भरल्यावर काही दिवसांनी लॉगिन करा, Downloads मध्ये 16C ची मागणी नोंदवा, पोचपावती क्रमांक आणि घरमालकाचा पॅन द्या. फाइल तयार झाली की त्याच मेन्यूतून उतरते. उघडायला पासवर्ड लागतो : तुमची जन्मतारीख, मधे रेघ-टिंब न देता आठ अंकांत.

फाइल उतरली नाही किंवा 26QC मध्ये चूक कळली, तर दुरुस्तीची सोयही ट्रेसेसवरच आहे. पॅनवर जमा झालेला कर 26AS या विवरणात दिसतो, म्हणून घरमालकाला प्रमाणपत्र पाठवल्यावर एवढंच विचारा : ‘तुमच्या 26AS मध्ये रक्कम दिसते का?’ ती दिसली की तुमच्या बाजूचं काम खरं झालं.

उशीर झाला तर

कर कापायचाच राहिला, तर दर महिन्याला किंवा महिन्याच्या भागाला १ टक्का व्याज. कापला पण मुदतीत भरला नाही, तर कापल्याच्या तारखेपासून भरेपर्यंत दर महिन्याला दीड टक्का. व्याजाने खिशाला फारसं लागत नाही. लागतं ते उशिराच्या फीने. ती दिवसाला २०० रुपये आहे, आणि कराच्या रकमेइतकी झाली की थांबते.

आपलाच हिशोब पुढे नेऊ. ५ मार्चला १०,४४० कापले, पण फॉर्म भरायचं विसरून गेलात आणि २० जून २०२६ ला आठवलं. मार्च, एप्रिल, मे आणि जून असे चार महिने मोजले जातात, जूनचे वीसच दिवस असले तरी पूर्ण महिना. व्याज ६ टक्के, म्हणजे ६२६ रुपये ४० पैसे. फी १ मेपासून २० जूनपर्यंत ५१ दिवसांची, म्हणजे १०,२००. दहा हजार चारशे चाळीसचा कर भरायला जवळजवळ अकरा हजारांचा भुर्दंड, आणि तोही घरमालकाच्या नव्हे, तुमच्या खिशातून. मोबाइलमध्ये १० एप्रिलची आठवण लावून ठेवा.

शेवटचं भाडं डिपॉझिटमधून गेलं तर

वर्षाच्या मध्ये घर सोडताना आपल्याकडे रीत अशी की शेवटच्या महिन्याचं भाडं भरायचंच नाही, डिपॉझिटमधून वळतं करायचं. टीडीएस मात्र नेमका त्याच महिन्याच्या भाड्यातून कापायचा असतो. हातात भाडंच नाही, तर कापायचं कशातून?

समजा वरच्याच घरातून तुम्ही ३० नोव्हेंबर २०२५ ला निघालात. डिपॉझिट दीड लाख. जुलै ते नोव्हेंबर पाच महिन्यांचं भाडं २,९०,०००, त्यावर टीडीएस ५,८००. नोव्हेंबरचं भाडं ५८,०००, त्यातून टीडीएस वजा केल्यावर घरमालकाचा हक्क ५२,२०० वर आहे. म्हणून त्यांनी डिपॉझिटमधून ५२,२०० ठेवून ९७,८०० परत करायला हवेत आणि ५,८०० तुम्ही ३० डिसेंबरपर्यंत भरायला हवेत. घरमालक सवयीने ५८,००० कापून ९२,००० परत करतो. मग टीडीएस तुमच्या खिशातून जातो, आणि चावी दिल्यानंतर ५,८०० मागणारा फोन कुणी उचलत नाही. हा आकडा चावी देण्याआधी, रंगकामाची कटकट सुरू व्हायच्या आत, लिहून पाठवा.

घरमालक परदेशात असेल तर हे सगळं विसरा

पुण्या-मुंबईतले कितीतरी फ्लॅट अमेरिकेत किंवा दुबईत राहणाऱ्या मुलांच्या नावावर असतात. मुखत्यारपत्राच्या आधारे करारावर सही इथले आई-वडील करतात आणि चाव्याही तेच देतात, म्हणून भाडेकरूला मालक इथलाच वाटतो. कायदा मात्र मालकाचा रहिवास पाहतो. मालक आयकराच्या दृष्टीने अनिवासी असेल तर १९४-आयबी लागूच होत नाही, कलम १९५ लागतं. त्याला पन्नास हजारांची मर्यादा नाही, म्हणजे तीस हजारांच्या भाड्यावरही कपात येते. दर ३० टक्के आणि वर ४ टक्के उपकर, एकूण ३१.२ टक्के. मालकाचं उत्पन्न मोठं असेल तर त्यावर अधिभारही येतो.

५८,००० वर महिन्याला १८,०९६ कापायचे, वर्षाअखेर नव्हे तर दर महिन्याला. ते पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत भरायचे, मार्चमध्ये कापलेले ३० एप्रिलपर्यंत. यासाठी टॅन घ्यावा लागतो आणि दर तिमाहीला 27Q विवरण भरावं लागतं. भाडं त्यांच्या इथल्याच एनआरओ, म्हणजे अनिवासींसाठीच्या, बँक खात्यात जात असलं तरी यातून सुटका नाही. मालकाचा प्रत्यक्ष कर एवढा होत नसेल, तर त्याने आयकर खात्याकडून कमी दराने कपात करण्याचं प्रमाणपत्र आणावं. तो अर्ज त्याने करायचा, तुम्ही नाही, आणि प्रमाणपत्र हातात येईपर्यंत तुम्ही पूर्ण दरानेच कापायचं. म्हणून टोकन द्यायच्या आधी एजंटला विचारा : ‘फ्लॅट कुणाच्या नावावर आहे, आणि ते राहतात कुठे?’ उत्तर ‘न्यू जर्सी’ असं आलं, तर टॅनचं आणि 27Q चं काम कोण करणार आणि सीएची फी कोण देणार, हे भाडं ठरवतानाच ठरवा.